नख लावाल तर खबरदार

अद्रकाला नख लावल्याबद्दल भर आठवडी बाजारात बोलणी खावी लागणं हा अपमान क्षुल्लक आहे हे मला कळतं. तरी राग जात नाही. विक्रेता पोरगा ओरडला, "नखं कायले लावता भाऊ? घ्याचं असन तं घ्या, नाईतं पुढं चाला!" एवढ्यावर भागलं असतं, पण शेजारी उभ्या काकांना न्यायनिवाडा करायची हौस होती.

काकांच्या गळ्यात दुपट्टा, हातात कापडी पिशवी, पिशवीत काहीच नाही. बाजारभर दुसऱ्यांच्या खरेदीवर मत देऊन रिकाम्या पिशवीनं घरी जाणारी ही जात प्रत्येक गावात असते. त्यांनी ढिगातला एक पांढुरका, चकचकीत गड्डा उचलला, दुपट्ट्यानं आणखी चकचकीत केला आणि माझ्या नाकासमोर नाचवला.

"हे पाय! जावयाच्या नव्या गाडीवानी चमकून रायलं. अन् तू ते ढेकळं उचलून रायला?"

"काका, उन्हाळा लागला. जुनं अद्रक आहे हे. जुन्या अद्रकाची साल अशी नसते."

"मंग कशी असते?"

"जाड, मळकट, फिकी तपकिरी."

"म्हंजे खराब!"

"खराब नाही काका, पिकलेलं."

"पिकलं तं पिवळं व्हाले पायजे ना!" काकांनी पोराकडे पाहिलं. पोरगा हसला. मागच्या दोन बायाही हसल्या. वादात मी तिथंच हरलो, कारण अद्रक केळासारखं का पिकत नाही हे उन्हात उभं राहून समजावणं कोणालाही जमणार नाही.

इथं समजावतो. अद्रक एप्रिल-मे महिन्यात लावतात आणि पूर्ण तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात. पावसाळा सरताना जे कोवळं निघतं त्याची साल कागदासारखी पातळ असते, अंगठ्यानं घासली तरी सुटते, आत दोरे जवळजवळ नसतात. जमिनीत राहील तशी साल जाड होते, आत दोरे भरतात, तिखटपणा वाढतो. म्हणून "साल पातळ म्हणजे ॲसिडमध्ये धुतलेलं" हे मोबाईलवर फिरणारं ज्ञान अर्धंच आहे. दिवाळीच्या आसपास पातळ सालीचं अद्रक अगदी निर्दोष असू शकतं. घोळ तेव्हा असतो जेव्हा बाहेरचं वय आणि आतलं वय जुळत नाही. गड्ड्याचं एक बोट मोडायचं. आत दोऱ्यांचा झुबका लोंबतोय, म्हणजे माल जुना. आणि बाहेर साल मात्र कोवळ्यासारखी नाजूक, सगळीकडे एकसारखी गोरी, बोटांच्या खाचांतसुद्धा मातीचा कण नाही. साध्या पाण्यानं, अगदी पंपानं धुतलं तरी खाचेतली काळपट रेघ सहसा राहते आणि साल जागोजागी खरचटलेली दिसते. पाण्यात आम्ल घालून अद्रक उजळवणाऱ्यांवर छापे पडलेले आहेत, तेव्हा संशय घ्यायला जागा आहे. पण नुसती चमक हा पुरावा नव्हे, तेही सांगून ठेवतो.

मोडल्यावर वास घ्यायचा. मोडलेल्या जागी लिंबासारखा तिखट वास नाकात गेला पाहिजे. वास मेलेला असेल तर गोरेपणाचं काय लोणचं घालायचं? आणि हे सगळं कळायला नख लावावंच लागतं, बोट मोडावंच लागतं. मोडलेलं बोट मी विकत घेतो, हे पोराला सांगायचं राहून गेलं.

काकांचा एक मुद्दा मात्र खरा होता, म्हणून त्यांचा जास्त राग येतो. "मातीचे पैसे कायले देतं?" त्यांनी विचारलं. तर हिशेब असा. मातीचं अद्रक शंभर रुपये किलो, धुतलेलं एकशेवीस. पाव किलो मातीचं घेतलं, पंचवीस रुपये दिले. घरी धुऊन, पुसून, वाळवून तोललं आणि सव्वादोनशे ग्रॅम भरलं, तर पंचवीस ग्रॅम माती गेली. खरा भाव पडला किलोला एकशे अकरा. तरीही नऊ रुपये स्वस्त. माती बेचाळीस ग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाली तर मात्र काका जिंकले. शिवाय धुतलेल्याची साल दुखावलेली आणि ओलसर असते, त्याला बुरशी लवकर धरते. मातीचं कोरड्या जागी जास्त टिकतं.

लसणाच्या ढिगाकडे काका माझ्या मागोमाग आलेच. "लसूण ताजाच असते," ते म्हणाले. आपल्याकडे लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. पोळ्याच्या बाजारात "ताजा लसूण" ओरडणारा माणूस साठवणीतलाच माल विकत असतो, यात फसवणूकही नाही, फक्त गळा आहे. पांढरा लसूण म्हणजे ब्लीच केलेला, हेही खोटं. कित्येक जाती जन्मतः पांढऱ्या आहेत. बुडाकडे पाहावं. गावरान गड्ड्याला मुळांची वाळकी शेंडी असते, पाकळ्या बारीक आणि पुष्कळ, त्यांवर जांभळट झाक. बूड खरवडून सपाट केलेलं, पाकळ्या मोजक्या आणि अंगठ्याएवढ्या असतील तर तो चीनचा असू शकतो. त्याच्या आयातीवर 2014 पासून बंदी आहे, तरी चोरून येतो. मात्र आपले व्यापारीही मुळं कापतात, तेव्हा बूड आणि पाकळी दोन्ही पाहून ठरवावं. न फोडलेल्या लसणाला वास बेताचाच असतो, त्यामुळे अख्ख्या गड्ड्याला पोहण्याच्या तलावासारखा वास आला तर ठेवून द्यावा. दाबून पाहावा, पोकळ लागला तर आत सुकलेला. ऑगस्ट 2024 मध्ये अकोल्यात सिमेंटच्या लसणाची बातमी फिरली तेव्हापासून काका गड्डा हातात तोलून पाहतात. फोडून पाहत नाहीत.

मिरचीत देठ खरं बोलतो. मिरची हिरवीगार, ओली, तुकतुकीत आणि देठ काळा पडलेला, सुकलेला, असं असेल तर हिरवेपणा शेतातला नसेलही. मॅलाकाइट ग्रीन हा कापडाचा रंग भाजीला फासतात. तपासायला आपल्याकडे कापसाची वाण नाही. चिमूटभर कापूस पाण्यात भिजवून न चिरलेल्या मिरचीवर घासायचा, दुसरा तेलात बुडवून घासायचा. कापूस हिरवा झाला तर रंग लावलेला. फुटलेल्या मिरचीवर घासू नये, तिचा स्वतःचा रस लागतो. देठ मोडताना कट् आवाज आला पाहिजे.

मी खिशातून कापूस काढला तेव्हा काका दोन पावलं मागे सरकले. "कानाचं दुखणं हाय का?" त्यांनी विचारलं, खऱ्या काळजीनं.

आणि कापूस हिरवा झालाच तर? अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम 40 प्रमाणे कोणीही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की घेतानाच विक्रेत्याला सांगायचं, "हा माल मी तपासायला देणार आहे." म्हणजे ज्यानं एका नखावरून मला पुढं चालायला सांगितलं, त्याच पोराला दहा रुपयांच्या मिरच्या घेताना, काकांच्या साक्षीनं.