आठ क्विंटल गूळ आणि एक अर्ज

घाऊक व्यापाऱ्याला तोंडी दर कमी करायला सांगणं म्हणजे वेळ घालवणं. "शेठ, जरा बघा की" म्हटलं की शेठ खरोखरच बघतात, आधी छताकडे, मग पंख्याकडे, आणि म्हणतात, "तुमच्यासाठी म्हणूनच हा दर लावलाय बघा." हे वाक्य मार्केट यार्डात येणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला ऐकवलं जातं. यार्डातल्या चहाच्या गाड्यावर आम्ही 'तुमच्यासाठी म्हणून'वाले चारपाच जण एकत्र भेटलो आणि सगळ्यांचा दर एकच निघाला.

म्हणून मी पत्र लिहायचं ठरवलं. माझं दुकान मंगळवार पेठेत. संक्रांतीच्या आधीच्या महिन्यात किलोच्या रव्यांचा आठ क्विंटल गूळ माझ्याकडं खपतो, कारण तिळगुळाचे लाडू करणाऱ्या दोन बचत गटांची खरेदी माझ्याकडं असते. एरवी मी तो दोन दोन क्विंटलनं, चार खेपांत उचलतो. दर ४,६०० रुपये क्विंटल, दुकानात पोच, तीस दिवसांची उधारी. सगळा एकदम उचलला आणि पैसे रोख दिले तर काय दर, एवढंच विचारायचं होतं.

पहिला मसुदा बायकोला वाचून दाखवला. 'आपले जुने ऋणानुबंध', 'वाढती महागाई' आणि 'माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार' एवढं सगळं त्यात बसवलं होतं. ती म्हणाली, "अहो, हा दर कमी करायचा अर्ज आहे की फी माफीचा? तुमची परिस्थिती कळून त्यांचा काय फायदा?"

हा प्रश्न बिनतोड होता. मग मी माझी परिस्थिती खोडली आणि शेठची मांडायला घेतली.

चार खेपांना टेम्पोचं भाडं चारशेप्रमाणे सोळाशे होतं. आठ क्विंटलची एकच खेप सातशेत येते. म्हणजे शेठचे नऊशे वाचले, क्विंटलमागं ११२ रुपये ५० पैसे. हमालीत काही वाचत नाही, ती डागावर असते, आणि खेपा कमी झाल्या म्हणून डाग कमी होत नाहीत. ती मी मुद्दाम धरली नाही. एखादा आकडा फुगवलेला सापडला की शेठ बाकीचे खरे आकडेही बाजूला सारतात.

दुसरं व्याज. शेठ बँकेच्या कॅश क्रेडिटवर धंदा करतात, म्हणजे वर्षाला बारा टक्क्यांच्या आसपास, महिन्याला एक. तीस दिवसांची उधारी गेली की क्विंटलमागं ४६ रुपये वाचले. दोन्ही मिळून १५८ रुपये ५० पैसे. शेठ यापेक्षा जास्त सोडणार नाहीत, आणि सोडलेच तर गुळात काहीतरी आहे असं समजून आपण मागं सरायचं.

आता माझी बाजू. माझे पैसे बचत खात्यात तीन टक्क्यांनी झोपलेले असतात. ते सरासरी चाळीस दिवस आधी उठवायचे, तर क्विंटलमागं पंधरा रुपये गेले. शिवाय महिनाभर थप्पी लावली की घट आलीच. थंडीत गूळ पावसाळ्यासारखा पाझरत नाही, पण खालच्या थरातले रवे दबतात, कडा फुटतात आणि त्याचा चुरा घरी चहात जातो. अर्धा टक्का धरला, म्हणजे २३ रुपये. एकूण ३८. यापेक्षा कमी सूट मिळाली तर आठ क्विंटलच्या फंदात पडायचंच नाही, आपल्या चार खेपा बऱ्या.

म्हणजे सौदा ३८ आणि १५८ च्या मध्ये कुठंतरी. मनात शंभर धरले आणि पत्रात सव्वाशे मागितले. थेट शंभर मागितले असते तर शेठनी पंचाहत्तरवर आणलं असतं, आणि दोघांनाही चुकल्यासारखं झालं असतं.

पत्र असं गेलं:

'स. न. वि. वि. संक्रांतीसाठी किलोचे रवे, एकूण आठ क्विंटल, एकाच खेपेत उचलण्याचा विचार आहे. रक्कम माल उतरताच रोख. यात आपले टेम्पोभाडे ९०० रुपये (क्विंटलमागे ११२.५०) आणि तीस दिवसांचे व्याज (क्विंटलमागे ४६) वाचते. सध्याच्या ४,६०० ऐवजी दर ४,४७५ धरावा, एकूण ३५,८००. वजन बारदान वजा जाता. माल सोबतच्या नमुन्याबरहुकूम. कळावे, लोभ असावा.'

सोबत कागदात गुंडाळून त्यांच्याच गुळाचा मागच्या खेपेतला तुकडा पाठवला. दर उतरला की माल उतरतो, हा धंद्यातला जुना अनुभव. रंग बघून भागत नाही. रवा फोडून बघायचा, आत साखरेसारखे दाणे चमकले तर वेगळीच भानगड असते. माझ्या ३८ रुपयांच्या हिशेबाची मजा घेत बायकोनं पाकीट चिकटवलं आणि ते टेम्पोवाल्याच्या हातून गेलं.

दुपारी फोन. "काय मालक, पत्रं लिवायला लागलाय जणू? मला वाटलं कोर्टाची नोटीस आली. घ्या, चार हजार पाचशे. भाडं तेवढं तुमचं."

मी आनंदानं "बरं" म्हणणारच होतो. जीभ उचललीसुद्धा होती. पण समोर कागद होता. भाडं सातशे, भागिले आठ, साडेसत्याऐंशी. म्हणजे पडतळ ४,५८७ रुपये ५० पैसे. शंभराची सूट साडेबारावर आली आणि माझा खर्च ३८. क्विंटलमागं साडेपंचवीस रुपये खिशातून घालून मी घाऊक खरेदीदार म्हणून मिरवणार होतो.

"शेठ, पोच पाहिजे. भाड्याचाच तर सगळा हिशेब हाय."

तिकडं कागदाची खडखड झाली. मग आवाज: "बरं, पोच देतो. पण दहा क्विंटल उचला. टेम्पो तेवढ्याच भाड्यात येतो."

हे त्यांचं खरं होतं, आणि म्हणूनच धोक्याचं. वरचे दोन क्विंटल संक्रांतीनंतर कोण घेणार? बचत गटाच्या बायका मकर राशीबरोबर निघून जातात. नंतर तो गूळ मी, बायको आणि मुंग्या मिळून संपवणार. आठच म्हटलं, आणि गप्प बसलो. फोनवर गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून त्या वेळात मी वजनाचा काटा पुसला.

"चार हजार पाचशे पोच. माल उतरला की पैसे. झालं?"

झालं. मला खर्च वजा जाता ४९६ रुपये सुटले, शेठना ४६८. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी एवढा दंगा?" मी तिला सांगितलं की साखर, शेंगदाणे आणि तेलाचे डबे अजून बाकी आहेत. ती निमूटपणे कोरे कागद आणायला गेली.

माल उतरला त्या दिवशी शेठ स्वतः टेम्पोत बसून आले. वजन झालं, दोन रवे फोडून बघितले, नमुन्यासारखेच निघाले. पैसे मोजून घेतल्यावरही ते जाईनात. चहा झाला. मग खिशातून माझंच पत्र काढून म्हणाले, "मालक, असलं एक मला लिवून द्या की. आमचा अडत्या ऐकत नाही ओ."

मी म्हटलं, "देतो की. पत्राचे पन्नास रुपये."

शेठनी छताकडे बघितलं. मग पंख्याकडे.

"आणि पाच एकदम लिवून घेतली तर?"