पासवर्ड चुकला की गोळी? सेंट्रीचं काम असं चालत नाही

‘कॅम्पच्या गेटवर रात्रभर एकच सेंट्री उभा असतो. कोणी दिसलं की लांबूनच ओरडून पासवर्ड विचारतो. बरोबर सांगितला तर आत, चुकला तर गोळी.’ असा एक समज आहे.

रात्रभर एकाच माणसाला उभं केलं तर पहाटे तीनला तो उघड्या डोळ्यांनी झोपलेला असेल. अमेरिकी लष्करात रूढ असलेली पद्धत दोन तास पहारा आणि चार तास विश्रांती अशी, म्हणजे एका चौकीमागे तीन पाळ्या. धोक्याच्या जागी सेंट्री जोडीने असतात आणि दोघे एकदम बदलत नाहीत. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो. दोघेही नवे आले तर तेवढा वेळ चौकी आंधळीच.

ओरडण्याचं म्हणाल तर सेंट्री आडोशाला, बंदूक रोखून, समोरच्याला जेमतेम ऐकू जाईल इतपतच ‘थांब, कोण आहे?’ म्हणतो. ओळख सांगितली की पुढे यायला सांगतो आणि दोन-तीन मीटरवर पुन्हा थांबवतो. तिथे हळू आवाजात ठरलेला शब्द आधी सेंट्रीच उच्चारतो आणि येणाऱ्याने त्याचा जोडशब्द द्यायचा. झुडपामागे लपलेल्याने सेंट्रीचा शब्द ऐकला तरी उत्तर त्याच्या हाती लागत नाही. गस्तीची तुकडी असेल तर आधी म्होरक्या एकटा येतो, मग सेंट्रीशेजारी उभा राहून आपली माणसं एकेक करून ओळखून घेतो. मागे शत्रूचा एखादा चिकटला असेल तर तो इथे सापडतो.

ही शब्दांची जोडी सहसा चोवीस तासांनी बदलते. दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नसावा, नाहीतर अंदाजाने उत्तर देता येतं. ६ जून १९४४ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकांची शब्दजोडी होती ‘फ्लॅश’ आणि ‘थंडर’. वीज म्हटल्यावर गडगडाट कोणालाही सुचेल. माझ्या मते ही निवड ढिसाळच.

आणि पासवर्ड चुकला तर? स्वतःचेच लोक विसरतात, उशिरा परतलेल्यांकडे कालचाच शब्द असतो. माणूस शांत उभा असेल तर त्याला हात वर करायला लावून तिथेच थोपवायचं आणि गार्ड कमांडरला बोलवायचं. गोळी केव्हा चालवायची हे त्या चौकीला दिलेल्या आदेशांवर ठरतं; आघाडीवर ते वेगळे असतात, शांततेतल्या छावणीत वेगळे.

डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनच्या लढाईत तर पासवर्डवरचा विश्वासच उडाला, कारण जर्मन कमांडो अधिकारी स्कोर्झेनीची माणसं अमेरिकी गणवेशात अमेरिकी फौजेच्या मागे घुसली होती. मग सेंट्री अमेरिकेतल्या गोष्टी विचारू लागले. अमेरिकी सेनापती जनरल ब्रॅडली यांना एकाने इलिनॉयची राजधानी विचारली. त्यांनी स्प्रिंगफील्ड सांगितलं, तेच बरोबर होतं, पण सेंट्री शिकागोवर अडून बसला. आणखी एकाने नटी बेट्टी ग्रेबलचा नवरा कोण ते विचारलं. ते ब्रॅडलींना सांगता आलं नाही. त्याने मात्र, जनरलची फजिती झाली यातच खूश होऊन, त्यांना पुढे सोडलं.