गोळ्या बंद करा म्हणणाऱ्यांनी मावशीचं काय केलं

“सर्दीच्या, डिप्रेशनच्या आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांनी काचबिंदू होतो. अंधुक दिसू लागलं की नस सुकली समजा. आजच सगळ्या गोळ्या बंद करा. दहा जणांना पाठवा.”

हा मेसेज माझ्या मावशीने वाचला. संधिवातासाठी आठ महिने प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची 10 मिलिग्रॅमची गोळी चालू होती, ती तिने त्याच दिवशी बंद केली. चौथ्या दिवशी उलट्या, पाय उचलेनात, बीपी 80 वर. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतात आणि गोळी अचानक थांबली की लगेच जाग्या होत नाहीत. त्यांना जागं व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून डोस हळूहळू उतरवायचा असतो. मावशीला सलाइनमधून हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागलं. “आजच बंद करा” लिहिणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, तरी त्याने लिहिलं.

अंधुक दिसणं म्हणजे नस सुकणं, हे साफ चूक. सर्दीची क्लोरफेनिरामिन किंवा झोपेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन जवळचं पाहायला लावणारा स्नायू ढिला करते, म्हणून पेपर वाचताना अक्षरं पुसट दिसतात. औषधाचा अंमल उतरला की दिसणं पूर्ववत होतं.

काचबिंदूचं म्हणाल तर त्यात अर्धं खरं आहे, तेही थोड्यांपुरतं. या गोळ्यांनी बाहुली मोठी होते. डोळ्याच्या आतलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोन ज्यांचा मुळातच अरुंद असतो, त्यांच्यात बुबुळाची कड तिथे अडकते आणि डोळ्यातलं प्रेशर काही तासांत चढतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या डिप्रेशनच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात हा इशारा छापलेला असतो. तो कोन अरुंद असलेल्या आणि बुबुळाला छिद्र न केलेल्या रुग्णांसाठी आहे. लेझरने ते छिद्र करून घेतलं की या प्रकारचा धोका बराच कमी होतो. डोळा लाल होऊन ठणकला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, डोकं दुखून उलटी झाली, तर त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

स्टिरॉइडचं मात्र मला मान्य करावंच लागेल. ते कोन मोकळा असतानाही पाणी झिरपण्याची जाळी चोंदवतं आणि प्रेशर काही आठवड्यांत वाढतं. दुखत नाही, लाली येत नाही, नजर शाबूत वाटते. गोळ्यांपेक्षा स्टिरॉइडच्या थेंबांनी हे जास्त होतं, आणि डोळे चुरचुरले की दुकानातून तेच थेंब आणून महिनोन्‌महिने घालणारे घरोघरी आहेत. त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही.

बरी झाल्यावर मावशीच्या डोळ्यांचं प्रेशर मोजलं. 24 आलं, साधारण 10 ते 21 असावं लागतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रेशर उतरवणारे थेंब दिले आणि संधिवाताच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. गोळी आता दर महिन्याला एक मिलिग्रॅमने कमी होते आहे.