मिठाला दीर्घ करायच्या नादात

आज सकाळी आतेचा फोन आला. आते माहेरची आमची आणि सासरची मिठबावची, त्यामुळे वाचनालयाची स्मरणिका घरी पोचताच तिने आधी देणगीदारांची यादी उघडली असणार. "रे, आमच्या गावाचा नाव कोणी बदलला? ह्या मीठबाव खंय इला?" यादीत तिच्या दिरांचं आडनावही 'मीठबावकर' छापलंय. आधार कार्डापासून देवळाच्या पाटीपर्यंत जे नाव ऱ्हस्व आहे, ते आमच्या समितीने एका बटणात दीर्घ करून दिलं.

चीड आली आहे, म्हणून लिहितोय.

झालं ते असं. स्मरणिकेचा निम्मा भाग शिरोड्याच्या मिठागरांवर आणि 1930 च्या तिथल्या सत्याग्रहावर आहे. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले लेख, कुणी मोबाइलवर टाइप केलेले, कुणी वहीतून उतरवून घेतलेले. त्यात 'मिठ' हा शब्द पानोपानी ऱ्हस्व होता. तो चूक आहे, वाद नाही. मीठ दीर्घच. मी प्रुफावर पेन्सिलीने खुणा करून पाठवल्या होत्या आणि वर लिहिलं होतं की एकेक बघून बदला. समितीतल्या एका उत्साही सद्गृहस्थांनी टायपिंगच्या पोराला सांगितलं, "खुणा कसल्या बघत बसतोस, सगळीकडे रिप्लेस ऑल मार." त्याने मारलं. "सगळा एकदम झाला, काका," असं त्याने मला कौतुकाने सांगितलं तेव्हा फाईल प्रेसला गेलेली होती.

आता मराठी लिहिणाऱ्या माणसाला हे सांगायची गरज पडू नये, पण पडतेय. 'मीठ' दीर्घ आहे ते एकटं असतं तोवर. त्याला प्रत्यय लागला की तोच ईकार ऱ्हस्व होतो: मिठाचा, मिठाने, मिठात. शाळेत शिकवलेलं सामान्यरूप ते हेच. म्हणजे लेखकांनी 'मिठाचा सत्याग्रह' बरोबर लिहिलं होतं आणि संगणकाने त्याचा 'मीठाचा सत्याग्रह' केला. संगणकाला शब्द कळत नाही, त्याला म, ऱ्हस्व इकार आणि ठ एवढी ओळीने आलेली चिन्हं दिसतात. पुढे काय लागलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मिठागराचं मीठागर झालं, तेसुद्धा लेखाच्या मथळ्यात, ठळक टायपात. एका बाईंच्या कवितेत 'आईच्या मीठीत' आलंय. मिठाईची मीठाई झाली. देवगड तालुक्यातलं मिठबाव गेलं, मिठमुंबरी गेलं, राजापूरकडचं मिठगवाणेही गेलं. ज्या किनाऱ्यावर गावांच्या नावातच मीठ आहे, तिथे हा शब्द डोळे मिटून बदलायचा म्हणजे कमाल आहे.

मान्य, एवढ्या पानांत एकेक शब्द बघायला वेळ लागतो आणि प्रेसवाला डोक्यावर बसलेला असतो. पण म्हणून?

त्या पोराला मी फार बोललो नाही. त्याला सांगितलं ते त्याने केलं, आणि पैसे तरी किती मिळतात त्याला. माझा राग आहे तो पुढच्या सल्ल्यावर. चुका दिसल्यावर तेच सद्गृहस्थ म्हणाले, "मग उलट रिप्लेस मारा, मीठचं परत मिठ." अहो, परत कुठे येणार? मूळ फाईलमध्ये काही ठिकाणी 'मीठ' बरोबर होतं, काही ठिकाणी 'मिठ' चुकलेलं होतं. बदलल्यावर दोन्ही सारखेच दिसायला लागले. आधीपासूनचं कुठलं आणि बदललेलं कुठलं हे फाईलला आठवत नाही. उलटं फिरवलं तर जे मुळात बरोबर होतं तेही ऱ्हस्व होणार. अन्डू चालतं, पण फाईल बंद करेपर्यंतच. ती बंद झाली होती, प्रेसला गेली होती आणि जुनी प्रत त्याच नावावर पुसून टाकलेली.

पुढच्या छपाईसाठी फाईल सुधारायची तर ती तुकड्यातुकड्याने सुधारते. दीर्घ 'मीठ'ला लागून काना आला तर ते मराठीत चूकच, म्हणून 'मीठा' शोधून 'मिठा' करता येतं, आणि मिठाचा, मिठागर, मिठाई एका फटक्यात जागेवर येतात. मग 'मीठी'चं 'मिठी'. मग गावांची नावं, प्रत्येक वेगळं, पूर्ण लिहून. 'मीठबाव'चं 'मिठबाव' केलं की आडनावही आपोआप सुधारतं. 'मीठभाकर'ला हात लावायचा नाही, ते दीर्घच बरोबर. आणि यातही खाचखळगे आहेत: मागे भजनी मंडळाचा लेख आहे, त्यात हिंदी ओळी आहेत आणि हिंदीत 'मीठी' दीर्घच असते. म्हणजे दुरुस्तीनेच नवी चूक. तेवढी पानं बघूनच करावी लागणार.

हे सगळं आधी टळलं असतं. आधी फाईलची प्रत वेगळ्या नावाने ठेवायची. मग नुसतं शोधायचं, बदलायचं नाही, आणि दरवेळी 'मिठ'च्या पुढे काय येतंय ते बघत जायचं. थोड्याच वेळात कळतं की पुढे मोकळी जागा, स्वल्पविराम किंवा पूर्णविराम असेल तिथेच चूक आहे. म्हणून मागे-पुढे जागा सोडून 'मिठ' शोधायचं, मग स्वल्पविरामासकट, मग पूर्णविरामासकट. राहिले 'मिठच' आणि 'मिठही', ज्यात च आणि ही लागूनही ईकार दीर्घच राहतो. ते वेगळे बदलायचे. ट्रॅक चेंजेस चालू ठेवलं तर प्रत्येक बदल रंगीत दिसतो आणि नको तो नाकारता येतो. आणि शेवटी जुनी-नवी फाईल कम्पेअर करायची. पण आमच्याकडे 'संगणकाने केलंय' म्हटलं की कुणी वाचतच नाही.

नावं सुधारतील, शुद्धिपत्रक चिकटवू. मला खरं लागलंय ते वेगळंच. मिठागरावर काम केलेल्या एका आजोबांच्या वहीतला उतारा आम्ही छापलाय आणि वर लिहिलंय, 'मूळ लेखन जसेच्या तसे'. जेमतेम शाळा शिकलेला माणूस, त्याने कुठे 'मिठ' लिहिलं होतं, कुठे 'मीठ', जसं हाताला आलं तसं. आता त्या उताऱ्यात एकूण एक मीठ दीर्घ आहे, आणि 'मीठात पाय फुटत' असंही आहे, जे त्यांनी लिहिलं असेल की नसेल, मला सांगता येत नाही. मी प्रुफात त्या पानावर एकही खूण केली नव्हती, मुद्दाम. जिथे कुणीच हात लावायला नको होता, नेमका तिथेही हात फिरला. बाकी चुका माझ्या व्याकरणाने ओळखता येतात, इथे व्याकरणाचा उपयोग नाही. मूळ वहीच हवी.

ती वही त्यांच्या नातवंडांकडे मुंबईला गेली आहे असं ऐकतो. घरातलं कुणी हे वाचत असेल तर मला मेसेज करा. मिठागराबद्दल जिथे लिहिलंय त्या पानांचे फोटो पुरेत. वही पाठवू नका, पोस्टात हरवेल. पुढची छपाई मी तोवर थांबवायला लावतो, समितीला काय म्हणायचं ते म्हणू दे.