प्रोटीनच्या डब्याबद्दलच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

★☆☆☆☆
"दोन किलोचा व्हॅनिला व्हे मागवला. आतलं सील एका बाजूने सुटलेलं, स्कूप गायब. मागच्या स्टिकरवर एक बॅच आणि डब्याच्या तळाला दुसरीच. तुमच्या फोटोत २५ ग्रॅम प्रोटीन, डब्यावर २४. सगळे फोटो जोडलेत. बनावट माल विकता का?"

नमस्कार. तुमचे सहाही फोटो मोठे करून पाहिले. मग त्याच खोक्यातले दुकानात उरलेले चार डबे टेबलावर काढले आणि आयातदाराचं बिल समोर ठेवलं. त्यानंतरच हे लिहायला बसलो. तुमचे पैसे आज दुपारी परत केले आहेत. डबा न्यायला आमचा माणूस तुम्ही सांगाल त्या वेळी घरी येईल. पण पैसे परत करून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या चार मुद्द्यांपैकी मला सगळ्यात गंभीर वाटला तो स्टिकरचा, म्हणून तोच आधी घेतो. हा माल अमेरिकेत बनतो. डबा भरताना कारखान्यातलं मशीन तळाला बॅच नंबर आणि मुदतीची तारीख शाईने छापतं. माल भारतात आल्यावर आयातदार मागच्या बाजूला आपलं स्टिकर लावतो. त्यावर त्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक, एमआरपी आणि पुन्हा बॅच व मुदत असते. म्हणजे एकाच डब्यावर बॅच दोन ठिकाणी आहे आणि ती अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. तुमच्या डब्यावर ती जुळत नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे.

आमच्याकडे काउंटरवर डबा देताना मुदत पाहिली जाते. मग हा डबा सुटला कसा? तळाला 04/09/26 छापलं आहे आणि स्टिकरवर 'सप्टेंबर २०२६'. आमच्या मुलाने तळाची तारीख आपल्या सवयीने ४ सप्टेंबर अशी वाचली, ती स्टिकरशी जुळली, आणि त्याने डबा पॅक केला. पण अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. त्या हिशेबाने हा डबा ९ एप्रिल २०२६ पर्यंतचाच आहे आणि स्टिकर त्याला पाच महिने जास्त देतंय. हा नुसता तर्क नाही. त्याच कंपनीच्या दुसऱ्या बॅचचा डबा शेल्फवर होता, त्याच्या तळाला 09/17/26 आहे. सतरावा महिना नसतो, म्हणजे पहिला आकडा महिन्याचाच.

आता गंमत बघा, म्हणजे माझ्यासाठी ती चिंतेची गोष्ट आहे. तुमच्या स्टिकरवरची बॅच हीच, त्या सप्टेंबरवाल्या डब्याची. बिलावर दोन्ही बॅच एकाच मालात आल्याची नोंद आहे. म्हणजे एका बॅचचं स्टिकर दुसऱ्या बॅचच्या डब्यावर चिकटवलं गेलं, असा माझा अंदाज आहे. खोक्यात सहा डबे होते. उरलेल्या चारपैकी दोनांवर हीच चूक निघाली. सहावा डबा ज्यांनी नेला त्यांना फोन केला, त्यांनी तळाचा आणि स्टिकरचा फोटो पाठवला, त्यांचा बरोबर आहे. चुकीचे दोन्ही डबे विक्रीतून काढून बाजूला ठेवलेत आणि फोटोंसह आयातदाराला लेखी विचारलं आहे. त्याचं उत्तर येईपर्यंत या मालातला एकही डबा विकणार नाही. पण लक्षात घ्या, स्टिकरची अदलाबदल झाली असावी हे मी सांगतोय ते कागदावरून. फसवणूक करणाराही दुसऱ्या डब्याचं खरं स्टिकर आणून लावू शकतो. म्हणून 'तुमचा डबा शंभर टक्के अस्सल आहे' असं मी लिहिणार नाही.

सीलबद्दल. झाकणाखाली जो चंदेरी पापुद्रा असतो तो गोंदाने चिकटवत नाहीत. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याखाली प्लास्टिकचा थर असतो. झाकण लावलेला डबा एका विद्युत कॉइलखालून सरकतो, पत्रा क्षणात तापतो, थर वितळतो आणि डब्याच्या कडेला धरतो. असं सील ओढून काढलं की कडेवर सगळीकडे सारख्या रुंदीचं, मंद पांढरट कडं राहतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत कडेच्या तीन चतुर्थांश भागावर ते कडं नीट दिसतंय. उरलेला भाग गुळगुळीत चमकतोय आणि त्यावर पावडरचे कण आहेत. भरताना कडेवर पावडर सांडली, किंवा झाकण त्या बाजूला सैल बसलं, तर थर तेवढ्या जागी धरत नाही आणि नेमकं असंच दिसतं. कुणी सील काढून पुन्हा बसवलं असतं तर आणखी काही खुणा दिसल्या असत्या: कडेवर जुन्या थराच्या फाटक्या कडा आणि त्यांवर नवा थर, गोंदाचे ताणले गेलेले धागे, पातं किंवा नख घातल्याचे ओरखडे. इस्त्री फिरवून चिकटवलेला पापुद्रा एखाद्या ठिकाणी तपकिरी पडतो, सुरकुततो. तुमच्या फोटोत मला यातलं काही दिसत नाही.

तरी दोन अडचणी आहेत. फोटो वरून, फ्लॅश मारून काढला आहे, त्यामुळे बारीक ओरखडे उजेडात बुडतात. शक्य असेल तर खिडकीशी डबा ठेवून कडेचा एक फोटो तिरक्या उजेडात काढा आणि झाकण उलटं करून आतली बाजूही दाखवा. काही झाकणांत पुठ्ठ्याची चकती राहते, काहींत राहत नाही. सील आणि झाकण एकाच प्रकारचं आहे का, ते त्यावरून कळेल. दुसरं असं की सील कारखान्यातच नीट बसलं नसेल तरी ती पावडर खाऊ नका. जिथे हवा शिरते तिथे ओलही शिरते, आणि पंचगंगेकाठच्या पावसाळ्यात गोदामात असा डबा किती दिवस होता हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

स्कूपचं मात्र मला फारसं वाटत नाही. डबा भरताना स्कूप आत पडतो आणि हजारो किलोमीटरच्या धक्क्यांनी बारीक पावडर हलत राहते. कधी तो वर असतो, कधी अगदी तळाशी. तुमच्या फोटोत वरचाच थर दिसतोय. एरवी मी सांगितलं असतं की झाकण घट्ट लावून डबा आडवा करून हलवा, किंवा कोरड्या लांब चमच्याने कडेकडेने चाचपा, हात घालू नका. तुमच्या डब्यात आता काही ढवळू नका, तो आहे तसाच आम्हाला हवा आहे. आमच्याकडे तालमीतली मुलं स्कूपचा रंग बदलला की लगेच माल खोटा म्हणतात. रंगावरून काही ठरत नाही. स्कूप आकारमान मोजतो, वजन नाही. व्हॅनिला आणि चॉकलेटच्या पावडरीचा भरीवपणा वेगळा असतो, त्यामुळे तोच स्कूप एका चवीत ३१ ग्रॅम भरतो आणि दुसरीत ३२. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा तोलून पाहिलं की आपला स्कूप किती देतो ते समजतं.

यावरून पोषणाच्या तक्त्याकडे येतो, आणि इथे चूक सरळ आमची आहे. आमच्या पानावरचा फोटो चॉकलेटच्या जुन्या डब्याचा होता. त्यात ३२ ग्रॅमच्या सर्व्हिंगला २५ ग्रॅम प्रोटीन आहे. तुमच्या व्हॅनिलावर ३१ ग्रॅमला २४. दोन्ही शंभर ग्रॅमवर आणा: पहिल्यात ७८.१, दुसऱ्यात ७७.४. दोन किलोच्या अख्ख्या डब्यात फरक चौदा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या स्कूपइतक्या प्रोटीनचा. माल कमी दिला असं यातून निघत नाही. पण तुम्ही एक फोटो पाहून पैसे भरलेत आणि हातात दुसरा तक्ता आला, हे चुकीचंच. तो फोटो काल काढून टाकला. आता प्रत्येक चवीचा, सध्या दुकानात असलेल्या लेबलचा फोटो टाकतोय, तळाच्या छपाईसकट.

तक्ता खोटा आहे का हे पाहायचं तर जुन्या फोटोपेक्षा तो स्वतःशीच जुळतो का ते पाहावं. तुमच्या डब्यावर प्रोटीन २४, कर्बोदकं ३, फॅट दीड ग्रॅम आणि १२० कॅलरी आहेत. प्रोटीन आणि कर्बोदकांना ग्रॅममागे चार, फॅटला नऊ: ९६ अधिक १२ अधिक साडेतेरा, म्हणजे १२१.५. अमेरिकेच्या नियमात ५० च्या वरच्या कॅलरी जवळच्या दहाला नेऊन लिहितात, त्यामुळे १२० बरोबर. ६४ सर्व्हिंग गुणिले ३१ म्हणजे १९८४ ग्रॅम, दोन किलोच्या डब्याला हेही ठीक. नकली लेबलवर हेच हिशेब फसतात, कारण कुणीतरी एका डब्याचा पुढचा भाग आणि दुसऱ्याचा मागचा तक्ता जोडलेला असतो. पुढे २५ ग्रॅम, मागे २४. किंवा ७४ सर्व्हिंग गुणिले ३१ केलं की दोन किलोच्या डब्यात सव्वादोन किलोहून जास्त पावडर निघते.

आत खरोखर काय आहे, हे मात्र कुठलाच फोटो सांगत नाही. बाजूला ठेवलेल्या दोन डब्यांपैकी एक प्रयोगशाळेत देतोय. नुसती नायट्रोजनवरून प्रोटीनची चाचणी नाही, अमिनो आम्लांची वेगवेगळी मोजणीही मागितली आहे. कारण स्वस्त ग्लायसिन मिसळलं तरी नायट्रोजनचा आकडा चांगलाच येतो. अहवाल आला की याच उत्तराखाली टाकीन, कसाही असो.

तुम्हाला अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या ॲपवर तक्रार करायची असेल तर जरूर करा. बिलाची प्रत, आयातदाराचा परवाना क्रमांक आणि मी त्याला पाठवलेलं पत्र तुमच्या नंबरवर पाठवतो. तोवर डब्याचं झाकण लावून ठेवा, सील आणि स्टिकर फाडू नका. आमचा माणूस डबा नेताना तुमच्यासमोर चिकटपट्टी लावून तिच्यावर तुमची सही घेईल.