टाकीतले चमचे

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमागे गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवणारी हजार लिटरची काळी टाकी आहे. आत किती पाणी आहे ते बाहेरून दिसत नाही. ते सांगण्याचा मक्ता दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे. काका टाकीवर बोटांनी ठेका धरतात, कान लावतात आणि 'पाऊण' म्हणतात. मग माळीदादा नळ सोडतो आणि नळ खाकरून गप्प होतो.

म्हणून मी दिव्यांचा दर्शक करायचं ठरवलं. करणं सोपं होतं, समजावणं नाही. रविवारी दहा मिनिटांसाठी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं. टेबलावर ताज्या पावसाच्या पाण्याची बादली, जुना मोबाइल चार्जर, चार एलईडी आणि चार BC547 ट्रान्झिस्टर मांडले.

"पाण्यात करंट सोडणार?" सेक्रेटरींनी खुर्ची मागे सरकवली.

म्हटलं, चार्जरमधून पाच व्होल्ट निघतात आणि पाण्यातून जातो तो मिलीअँपिअरचाही लहानसा अंश. दिवा त्यावर पेटत नाही. ट्रान्झिस्टर फक्त तेवढा इशारा घेतो आणि दिव्याला लागणारा मोठा प्रवाह चार्जरकडून थेट सोडतो.

"म्हणजे आमच्या सासूबाई," वहिनी म्हणाल्या. "नुसतं खाकरल्या की घर कामाला लागतं."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

मग प्रयोग. दोन वायरींची जेमतेम सोललेली टोकं बादलीत बुडवली. एलईडी लागला, पण आजारी माणसासारखा. काकांनी समाधानाने मान हलवली. पावसाच्या पाण्यात क्षार फारच कमी, त्यामुळे वीज वाहून न्यायला त्यात कोणी नसतं. बोअरच्या पाण्यात हाच दिवा झगझगीत लागतो, हे मी सांगत होतो तोवर वहिनींनी घरातून चिमूटभर मीठ आणून बादलीत टाकलं आणि ढवळलं. दिवा लख्ख!

"मग टाकीत मीठच टाकू," सेक्रेटरी म्हणाले. माळीदादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मीठ नको, मी म्हटलं, चमचे हवेत. बादलीत पुन्हा पावसाचं पाणी भरून वायरींच्या टोकांना स्टीलचे चमचे बांधले. धातूचा पाण्याला लागणारा भाग वाढला की क्षार कमी असूनही प्रवाह पुरेसा मिळतो, आणि दिवा मिठाशिवाय तसाच लख्ख लागला. आता एका पीव्हीसी पाइपला चार चमचे ठरलेल्या उंचीवर बसतील आणि समोरच्या बाजूने वरपासून तळापर्यंत स्टीलची एक सळई जाईल. सळई सगळ्या चमच्यांजवळून गेल्यामुळे वरच्या चमच्यालाही तळापर्यंत हाका माराव्या लागत नाहीत. स्टीलला सोल्डरचा डाग नीट धरत नाही, म्हणून दांड्याला भोक पाडून वायर नट-बोल्टने कसायची आणि जोडावर सिलिकॉन थापायचं. उघडी तांब्याची वायर पाण्यात राहिली तर हिरवी पडून तुटते.

जोडणी अशी: चार्जरचं प्लस बटणातून सळईला. प्रत्येक चमच्याची वायर १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी बेसला, एमिटर मायनसला. त्याच बटणामागून येणाऱ्या प्लसपासून ४७० ओहमचा रेझिस्टर, मग एलईडी, मग तिसरा पाय, कलेक्टर.

"बटण कशाला? दिवे चालू राहू दे की, दिवाळीसारखं वाटेल," पहिल्या मजल्यावरून आवाज.

एकाच दिशेने सतत प्रवाह गेला तर प्लसची सळई हळूहळू झिजते, स्टील असलं तरी. म्हणून बटण दाबा, बघा, सोडा. मुलं तिथेच रांगेत उभी राहून 'दाबा, बघा' एवढंच करू लागली, तेव्हा हे बटण उंचावर बसवायचं ठरलं.

टाकी सरळ नळकांड्यासारखी, म्हणून एकेक दिवा अडीचशे लिटरचा. खालचा चमचा मात्र नळाच्या तोंडाच्या थोडा वर, कारण त्याखालचं पाणी नळाला येतच नाही आणि तळाला गाळ असतो. त्यामुळे खालचा दिवा विझला की समजायचं, नळ खाकरणार.

"आणि खोटं बोललं तर?" काकांचा हा प्रश्न व्यावसायिक होता.

खोटं पकडता येतं. वरचा दिवा लागलाय आणि खालचा विझलाय, असं पाणी करत नाही. खालची वायर सुटली आहे किंवा चमच्यावर गाळाचा थर बसलाय. टाकी अर्धी असताना चारही लागले, तर झाकणाखालच्या वाफेचं पाणी पाइपवर साचून वरच्या चमच्यांना सळईशी जोडतंय. पाइप पुसायचा आणि सळई चमच्यांपासून बोटभर लांब धरायची.

काका बराच वेळ गप्प होते. मग उठले, टाकीवर ठेका धरला आणि म्हणाले, "दोन दिवे."

सेक्रेटरींनी सभेच्या वहीत लिहिलं: टाकीत चमचे बसवण्यास मंजुरी. चमचे कोणाच्या घरचे, यावर पुढच्या सभेत चर्चा.