रायटिंगला 6 का आला: तुमच्या तक्रारीला उत्तर

«दोन महिने आयल्ट्सचा क्लास केला. 'डिस्कस बोथ व्ह्यूज'चे निबंध सांगितले तसेच लिहिले: एक परिच्छेद एका बाजूचा, एक दुसऱ्या बाजूचा, शेवटी माझं मत. तरी रायटिंगला 6. तपासलेल्या प्रत्येक निबंधावर एकच शेरा, 'मत स्पष्ट नाही'. मत तर लिहिलं होतं! फी वाया गेली.»

नमस्कार. नुसता शेरा मारून वही परत केली, ही आमची चूक. मत कुठे हरवलं ते दाखवायला हवं होतं, ते आता दाखवते.

परीक्षेतली उत्तरपत्रिका मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिथलं काही ठामपणे सांगणार नाही. पण तुमचे सरावाचे निबंध आज पुन्हा वाचले. विद्यापीठाचं शिक्षण सरकारने फुकट द्यावं की विद्यार्थ्याने खर्च उचलावा, हा निबंध घ्या. सुरुवातीला तुम्ही लिहिलंत, 'दोन्ही मतांची चर्चा करू'. मग एका परिच्छेदात 'शिक्षण फुकटच हवं', पुढच्यात 'फी घेतलीच पाहिजे', आणि दोन्ही वाक्यं तुमच्याच तोंडची. शेवटच्या ओळीत एकदम 'समतोल साधावा'. 7 बँडच्या निकषाला भूमिका स्पष्ट आणि विस्ताराने मांडलेली लागते. शेवटी उगवलेलं मत तिथे कमी पडतं.

मधली भूमिका घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त ती नेमकी हवी: 'गरजूंची फी सरकारने भरावी, ज्यांना परवडते त्यांनी स्वतः भरावी.' हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. नंतर फुकट शिक्षणाची बाजू मांडताना 'समर्थकांचं म्हणणं असं' अशी सुरुवात करा, म्हणजे ते मत त्यांचं राहतं. फीच्या धास्तीने गरीब घरातली मुलं अर्जच करत नाहीत, हा त्यांचा मुद्दा मान्य करा आणि लगेच विचारा, सधन घरातल्या मुलाचा खर्च करदात्याने का उचलावा? दुसरी बाजू म्हणते, पदवीने पगार वाढतो, तर खर्च विद्यार्थ्यानेच करावा. तेही पटतं, पण पगार नंतर येतो आणि फी आधी भरावी लागते. आता शेवट वाचा. तुमचं मत या दोन उत्तरांतूनच आलेलं दिसेल.

यासाठी 40 मिनिटांतली पहिली पाच मिनिटं न लिहिता भूमिका ठरवण्यात घालवा. विषय वाचल्यावाचल्या पेन चालू केलं की लिहिता लिहिता मत बदलतं; तुमच्या तीन निबंधांत तेच झालंय.

एक मात्र सांगते, भूमिका हा चार निकषांपैकी एकाचाच भाग आहे. तुमची वाक्यं लांबली की क्रियापद चुकतं, त्यावरही काम लागेल.

वही घेऊन या. सगळे निबंध तुमच्यासमोर बसून, ओळ न् ओळ पुन्हा तपासून देईन. त्याचे पैसे घेणार नाही.